मीठ, पाणी आणि सर्पदंशावरचं औषध

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कोपरखैरण्याला राहतो. आमच्या घरापासून ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडला की औद्योगिक पट्टा सुरू होतो. त्यातच रबाळ्याला माणसाच्या रक्तातल्या प्लाझ्मापासून औषधं बनवतात. दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी. या खाडीकाठच्या मूळच्या आगरी लोकांचं नावच मुळी आगरावरून, म्हणजे मिठागरावरून पडलेलं. मी स्वतः उमेदीची वर्षं घोड्याच्या रक्तापासून सर्पदंशावरचं औषध बनवणाऱ्या एका कारखान्यात काढली. तिथेही माझं रोजचं काम मिठाचंच होतं, फक्त ते मीठ खाण्याचं नव्हतं. ते होतं अमोनियम सल्फेट. शेतकरी बंधूंना ते खत म्हणून ठाऊक आहे. आज त्या मिठाबद्दल बोलणार आहे.

निमित्त झालं ते शेजारच्या बिऱ्हाडातल्या मुलाचं. जैवतंत्रज्ञान शिकतो. एका संध्याकाळी एक बाटली घेऊन आला आणि म्हणाला, "काका, प्रयोग फसला. अंड्याच्या पांढऱ्यातली दोन प्रथिनं वेगळी करायची होती, पण सगळ्याचाच गोळा झाला." बाटलीत खाली दह्याच्या गुठळ्यांसारखं काही बसलं होतं, वर फेस होता आणि तळाशी न विरघळलेले दाणे चमकत होते. मी विचारलं, "मीठ किती घातलंस आणि कसं घातलंस?" तो म्हणाला, "दोनशे मिलिलिटरला सत्त्याहत्तर ग्रॅम. एकदम ओतलं आणि जोरात हलवलं." त्या एका वाक्यात तीन चुका होत्या. त्यांतल्या दोन मीही तरुणपणी केल्या होत्या, आणि त्यांची किंमत एका बाटलीपेक्षा बरीच मोठी होती. ते पुढे सांगतो. आधी मीठ घातल्यावर प्रथिन पाण्याबाहेर का पडतं, ते पाहू.

प्रथिन पाण्यातून बाहेर पडताना आपण घरातही पाहतो. अंडं उकडलं की पांढरं घट्ट होतं. दुधात लिंबू पिळलं की ते फाटतं. अंडं उकडतं तेव्हा उष्णतेने प्रथिनाची नीट घातलेली घडी विस्कटते, धागे एकमेकांत गुंततात आणि ते पुन्हा सुटत नाहीत. उकडलेलं अंडं पाण्यात महिनाभर ठेवा, ते काही परत कच्चं होणार नाही. दूध फाटतं तेव्हा आंबटपणामुळे प्रथिनावरचा विद्युतभार नाहीसा होतो आणि एकमेकांना दूर ठेवणारं कारणच उरत नाही. अमोनियम सल्फेटची तऱ्हा या दोन्हींहून वेगळी आहे. ते प्रथिनाची घडी मोडत नाही आणि त्याला चिकटूनही बसत नाही. ते फक्त पाणी गुंतवून ठेवतं. पाणी परत दिलं, की प्रथिन होतं तसं विरघळतं आणि आपलं काम पुन्हा करू लागतं. इंग्रजीतून आलेला 'सॉल्टिंग आउट' हा शब्द या क्रियेसाठी वापरतात.

मिठागरात काय होतं ते आठवा. उन्हाने पाणी उडून जातं, उरलेलं पाणी मिठाला पुरत नाही आणि मीठ खाली बसतं. इथे नेमकं उलटं घडतं. पाणी कुठेही उडून जात नाही. मीठच इतकं घातलेलं असतं, की पाणी त्याच्याच सेवेत अडकतं आणि खाली बसायची पाळी प्रथिनावर येते.

'अडकतं' म्हणजे किती, हे आकड्यांत मांडलं तर पटकन कळेल. मीठ पाण्यात विरघळतं म्हणजे त्याचे भारित कण, ज्यांना आपण आयन म्हणतो, ते सुटे होतात आणि प्रत्येक आयन आपल्याभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं करून घेतो. आपल्या रक्तात जितका खारटपणा असतो तितक्या पाण्यात एका आयनाच्या वाट्याला पाण्याचे साधारण १८० रेणू येतात. सुबत्ताच म्हणायची. अमोनियम सल्फेट जास्तीत जास्त जेवढं विरघळू शकतं त्याच्या निम्म्यावर आलो, की हा वाटा सुमारे ८ रेणूंवर येतो. अगदी संपृक्त द्रावणात, म्हणजे आणखी एक दाणाही विरघळणार नाही अशा वेळी, एका आयनाला जेमतेम ३ रेणू मिळतात. उन्हाळ्यात सोसायटीत एकच टँकर आला की जशी अवस्था होते, तशीच ही.

या वाटपात सल्फेटचा आयन दांडगा. त्याच्यावर ऋणभार दोन आहेत. तो पाण्याला घट्ट धरून ठेवतो आणि प्रथिनाच्या पृष्ठभागाजवळ फारसा फिरकत नाही. त्यामुळे प्रथिनाभोवती पाण्याचा पातळ थर आणि त्याच्या बाहेर खारट गर्दी, अशी एक सीमा तयार होते. ही सीमा राखणं द्रावणाला महागात पडतं. सीमा लहान करायची तर एकच उपाय असतो. प्रथिनाच्या रेणूंनी एकमेकांना खेटून बसायचं. दोन पाठी एकमेकांना टेकल्या की तेवढा पृष्ठभाग झाकला गेला. प्रथिनाच्या अंगावर पाण्याला न मानवणारे, तेलकट म्हणावेत असे काही भाग असतात. तेच आधी एकमेकांना भिडतात. रेणूला रेणू लागत जातो, आधी द्रावण धूसर होतं, मग गढूळ, आणि शेवटी साका खाली बसतो.

आता 'खारटपणा' मोजायचा कसा? नुसतं वजन पाहून चालत नाही, कारण जास्त भाराचा आयन जास्त प्रभावी असतो. म्हणून शास्त्रज्ञ 'आयनी तीव्रता' असं माप वापरतात. प्रत्येक आयनाचं प्रमाण घ्यायचं, त्याला त्याच्या भाराच्या वर्गाने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि तिची निम्मी घ्यायची. खायच्या मिठाच्या एक मोलर द्रावणाची आयनी तीव्रता येते १. अमोनियम सल्फेटच्या तितक्याच द्रावणात अमोनियमचे दोन आयन मिळून २ आणि सल्फेटचा भार दोन म्हणून वर्ग ४, अशी बेरीज ६ होते. तिची निम्मी ३. म्हणजे त्याच प्रमाणात तिप्पट तीव्रता. शिवाय ते विरघळतंही भरपूर. २५ अंश सेल्सियसला एक लिटर पाण्यात सुमारे ७६७ ग्रॅम विरघळतं आणि द्रावणाची तीव्रता १२ पर्यंत जाते. खायचं मीठ संपृक्त होईपर्यंत घातलं तरी तीव्रता साडेपाचच्या आसपासच थांबते.

अमेरिकेतल्या एडविन कोन यांनी १९२५ मध्ये यातला हिशेब मांडला. त्याचा मराठीत अर्थ असा: आयनी तीव्रता सारख्या पायऱ्यांनी वाढवत नेली, तर प्रथिनाची विद्राव्यता प्रत्येक पायरीला तितक्याच पटीने कमी होते. एका पायरीला ती दहाव्या हिश्श्यावर आली, तर पुढच्या पायरीला शंभराव्यावर आणि त्यापुढच्या पायरीला हजाराव्यावर येईल. म्हणूनच बराच वेळ मीठ घालत राहिलं तरी काही दिसत नाही आणि मग थोड्याच जास्तीच्या मिठात सगळं भराभर खाली येतं. प्रत्येक प्रथिनाची ही वेळ वेगळी असते. वेगळं करण्याची सगळी किमया या वेगळेपणातच आहे.

दोन गोष्टी इथे लक्षात ठेवायला हव्यात. पहिली अशी, की नुसती तीव्रता पुरेशी नाही, आयन कोणता हेही पाहावं लागतं. मॅग्नेशियम क्लोराइडची आयनी तीव्रता हिशेबाने अमोनियम सल्फेटइतकीच येते, पण प्रथिन खाली बसवायला ते कुचकामी ठरतं, कारण मॅग्नेशियम प्रथिनाला जाऊन चिकटतं. प्रागमध्ये फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी १८८८ मध्ये अंड्याच्या पांढऱ्यावरच वेगवेगळे क्षार पारखले आणि त्यांची ताकदीनुसार क्रमवारी लावली. सल्फेट त्या क्रमवारीत वरच्या टोकाला आहे.

दुसरी गोष्ट गमतीची आहे. थोडं मीठ उलटा परिणाम करतं. अंड्याचा पांढरा भाग भरपूर शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड, पाण्यात ढवळा. पाणी पांढुरकं होईल. चिमूटभर मीठ टाका, बराचसा पांढुरकेपणा निघून जाईल. काही प्रथिनांना, विशेषतः ग्लोब्युलिन गटातल्या, निव्वळ पाण्यात राहवत नाही. त्यांच्या अंगावरचे धन आणि ऋण भार एकमेकांना ओढतात. थोडे आयन मध्ये आले की ही ओढ झाकली जाते आणि प्रथिनं सुटी होतात. मीठ वाढवत गेलं की आधी विद्राव्यता वाढते आणि मग पाण्याची चणचण सुरू झाली की घसरते. जेवणातल्या मिठासारखंच, कमी झालं तरी बिघडतं आणि जास्त झालं तरी.

आता शेजारच्या मुलाच्या बाटलीकडे येऊ. त्याला अंड्यातली ग्लोब्युलिनं खाली बसवायची होती आणि अल्ब्युमिन वरच्या पाण्यात ठेवायचं होतं. त्यासाठी निम्मी संपृक्तता लागते. त्याने पुस्तकातून संपृक्ततेचा आकडा घेतला, शंभर मिलिलिटर पाण्याला ७६.७ ग्रॅम, आणि निम्म्यासाठी सरळ दोनाने भागलं. दोनशे मिलिलिटरला आले ७७ ग्रॅम. गणित बरोबर वाटतं, पण ते चूक आहे. मीठ विरघळताना जागाही घेतं, द्रावण फुगतं. एका लिटरमध्ये ७६७ ग्रॅम विरघळवलं की ते साधारण एक लिटर चारशे मिलिलिटर होतं. त्यामुळे निम्म्या संपृक्ततेसाठी लिटरला ३१३ ग्रॅम पुरतात, म्हणजे दोनशे मिलिलिटरला ६३ ग्रॅमच्या आत. या मुलाने ७७ घातले आणि तो न कळत साठ टक्क्यांच्या घरात गेला. नेमकं या हद्दीच्या आसपास अल्ब्युमिनही ओढलं जाऊ लागतं.

पण खरा घोटाळा एकदम ओतण्याने झाला. दाणा जिथे पडतो तिथे, विरघळत असताना, त्याच्याभोवती संपृक्त द्रावणाचा एक ढग असतो. बाकी भांड्यात मीठ शून्य असलं तरी त्या ढगात शंभर टक्के असतं, आणि ढगात सापडलेलं प्रत्येक प्रथिन, हवं ते आणि नको तेही, तिथल्या तिथे खाली बसतं. त्या गुठळीत अल्ब्युमिन कोंडलं गेलं की नंतर ते सहज बाहेर पडत नाही. तिसरी चूक जोरात हलवण्याची. फेसाचा प्रत्येक बुडबुडा म्हणजे पाणी आणि हवा यांची सीमा. प्रथिन तिथे पसरतं आणि त्याची घडी उलगडते. मग ते उकडलेल्या अंड्याच्या जातीचं होतं.

दुसऱ्या रविवारी त्याने प्रयोग पुन्हा केला. मी ओट्याशी खुर्ची टाकून बसलो होतो. चार अंड्यांचा पांढरा भाग, तितकंच ०.९ टक्के मिठाचं पाणी, हलकेच ढवळून मलमलच्या कापडातून गाळलं, कारण पांढऱ्यात चिकट दोरे असतात आणि ते आधीच काढलेले बरे. गाळलेलं दोनशे मिलिलिटर बर्फाच्या पाण्यात ठेवलं. थंडीत मीठ किंचित कमी विरघळतं, म्हणून तक्त्याप्रमाणे ६३ ऐवजी सुमारे ५८ ग्रॅम घेतलं. खलात बारीक केलं आणि अर्धा तास चिमटी-चिमटीने, आधीची चिमूट विरघळल्याशिवाय पुढची नाही, असं घालत गेला. ढवळणं इतकं हळू, की वर बुडबुडा दिसू नये. निम्मं मीठ जाईपर्यंत फारसं काही घडलं नाही आणि तो वैतागला. मग द्रावण धूसर होऊ लागलं. तासभर थंड ठेवल्यावर बारीक, मऊ, पांढरा साका बसला आणि वरचं पाणी जवळजवळ नितळ राहिलं.

आता परीक्षा. मी त्याला साक्यातला चमचाभर भाग मिठाच्या सौम्य पाण्यात घ्यायला सांगितला. हळूहळू ढवळलं आणि तो विरघळला. मग पहिल्या बाटलीतला गोळा तसाच घेतला. त्याचा काही भाग विरघळला, पण दुधाळपणा गेला नाही आणि तरंगणारे तुकडे राहिले. ही कसोटी साधी आहे आणि खात्रीची आहे. मिठामुळे बसलेलं प्रथिन मीठ कमी होताच विरघळतं. जे विरघळत नाही, ते मिठामुळे बसलेलंच नसतं. त्याची घडी मोडलेली असते.

"काका, पण याचा उपयोग काय?" असं त्याने विचारलं. तेव्हा मी त्याला कारखान्यातली गोष्ट सांगितली.

आपल्याकडे सर्पदंशावर जे प्रतिविष देतात, ते चार सापांच्या विषांवर एकत्र चालतं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. परळची हाफकिन संस्था मुंबईकरांना ठाऊक आहे. १८९९ पासून ती जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आहे आणि १९२५ मध्ये तिला हाफकिनचं नाव मिळालं. महाराष्ट्रात प्रतिविषाचं नाव निघालं, की या संस्थेची आठवण होते. औषधाचं तत्त्व असं, की घोड्याला विषाच्या अगदी बारीक मात्रा वाढवत वाढवत देतात. घोड्याच्या रक्तात त्या विषाला पकडणारी प्रतिपिंडं तयार होतात. मग रक्त घेऊन त्यातला प्लाझ्मा वेगळा करतात आणि लाल पेशी घोड्याला परत देतात.

पण हा प्लाझ्मा तसाच माणसाला देता येत नाही. त्यात घोड्याचं अल्ब्युमिन आहे, रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन आहे, आणखी शेकडो प्रथिनं आहेत. माणसाच्या शरीराला ती सगळी परकी. जितकं परकं प्रथिन जास्त, तितका पुरळ, थंडी, रक्तदाब कोसळणं असा धोका जास्त. म्हणून प्रतिपिंडं निवडायची आणि बाकीचं टाकायचं. इथे अमोनियम सल्फेट कामाला येतं. प्लाझ्मात मीठ वाढवत नेलं तर पाव संपृक्ततेच्या आसपास फायब्रिनोजेन बसतं. तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत प्रतिपिंडं ज्या गटात येतात ती ग्लोब्युलिनं बसतात. अल्ब्युमिन मात्र निम्म्याच्या पुढेही पाण्यात टिकून राहतं.

१९३९ मध्ये पोप नावाच्या इंग्रज संशोधकाने या पद्धतीला एक महत्त्वाची जोड दिली. ती आजही अनेक ठिकाणी वापरतात. प्लाझ्मा दोन-तीन पट पातळ करायचा, आम्ल करायचा आणि पेप्सिन, म्हणजे आपल्या जठरात असतं तेच पाचक द्रव्य, घालून कोमट ठेवायचा. पेप्सिन प्रतिपिंडाचं शेपूट कापतं, विष पकडणारे दोन हात तेवढे ठेवतं. मग शंभर मिलिलिटरला साधारण बारा ते पंधरा ग्रॅम अमोनियम सल्फेट घालून ५६ अंशांपर्यंत तापवायचं. नको असलेली, अर्धवट मोडलेली प्रथिनं इथे कायमची गोठतात आणि गाळून जातात. मीठ मात्र हव्या असलेल्या भागाला सांभाळून घेतं. मग राहिलेल्या द्रवात मीठ बावीस ते पंचवीस ग्रॅमपर्यंत वाढवायचं, म्हणजे निम्म्या संपृक्ततेच्या जरा अलीकडे. आता खाली बसतं ते औषध.

प्लाझ्मा आधी पातळ का करतात, असं कुणी विचारील. प्रथिन दाट असेल तर ते कमी मिठातच बसायला लागतं आणि शेजाऱ्याला सोबत घेऊन बसतं. पातळ केलं की प्रत्येक जण आपापल्या वेळेला खाली येतो. म्हणूनच 'इतके टक्के मीठ म्हणजे अमुक प्रथिन' असा आकडा कुठल्याही पुस्तकातून उचलून चालत नाही. आपलं द्रावण किती दाट आहे, आम्ल किती आहे, थंड किती आहे, हे सगळं सारखं असेल तरच तो आकडा लागू पडतो.

आता माझी चूक. पावसाळ्याचे दिवस होते. भातलावणीत सर्पदंश वाढतात आणि औषधाची मागणीही वाढते. वरून घाई चालली होती. माझ्या पाळीत शेवटचं मीठ घालायचं होतं. दोन तासांत थोडं थोडं घालायचं ते मी पंधरा मिनिटांत पोत्यातून ओतलं आणि लवकर विरघळावं म्हणून ढवळणीचा वेग वाढवला. टाकीवर हातभर फेस आला. साका नेहमीपेक्षा जास्त निघाला, तेव्हा मी मनातून खूशच झालो. गाळणीवर तो चिकट लागत होता, तिकडे दुर्लक्ष केलं. पाण्यात परत घेतला तर तो दुधाळच राहिला. पुन्हा पुन्हा गाळल्यावर कसाबसा नितळ झाला.

मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. एकूण प्रथिन नेहमीपेक्षा जास्त होतं, पण विष निकामी करण्याची ताकद कमी. म्हणजे अल्ब्युमिन कोंडून आलं होतं आणि प्रतिपिंडांचा काही भाग फेसात मोडून गेला होता. आपल्याकडच्या प्रमाणानुसार एका मिलिलिटर प्रतिविषाने नागाचं आणि घोणसाचं प्रत्येकी ०.६ मिलिग्रॅम, मण्यारीचं आणि फुरशाचं प्रत्येकी ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी करायला हवं. ती ताकद भरली नाही. सगळी खेप फेकून द्यावी लागली. कित्येक घोड्यांचं रक्त आणि काही आठवड्यांची मेहनत गेली, आणि ऐन पावसाळ्यात तेवढ्या बाटल्या कमी पडल्या. मला कुणी फार बोललं नाही. आमचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ एवढंच म्हणाले, "साका जास्त आला तेव्हाच तुला शंका यायला हवी होती." ते वाक्य मी विसरलो नाही.

साका मिळाल्यावरही काम संपत नाही, कारण त्यात अमोनियम सल्फेट ठासून भरलेलं असतं. ते काढायचं तर साका पाण्यात विरघळवून सूक्ष्म छिद्रांच्या पडद्याआड ठेवतात. मीठ लहान, ते छिद्रातून निघून जातं. प्रथिन मोठं, ते आत राहतं. प्रयोगशाळेत सेलोफेनसारख्या नळीच्या पिशवीत भरून पाण्यात सोडतात आणि पाणी बदलत राहतात. मीठ गेलं की नाही हे कसं कळतं? बाहेरच्या पाण्यात बेरियम क्लोराइडचा थेंब टाकायचा. पांढरा ढग उठला तर सल्फेट अजून आहे. ढग उठेनासा होईपर्यंत पाणी बदलत राहायचं. आमच्या मुलाने ही पायरी गाळून नायट्रोजनवरून प्रथिन मोजलं असतं, तर अमोनियममधला नायट्रोजनही त्यात धरला गेला असता आणि चार अंड्यांतून चाळीस अंड्यांचं प्रथिन निघालं असतं.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. मीठ पुष्कळ लागतं आणि ते सगळं शेवटी सांडपाण्यात जातं, त्यातला अमोनिया काढावाच लागतो. द्रावण जरा अल्कधर्मी झालं की अमोनियाचा वास येऊ लागतो, म्हणजे आम्लता पुन्हा तपासायची वेळ आली. शिवाय खाली बसवताना प्रतिपिंडांचेच काही पुंजके होतात, आणि असे पुंजके रुग्णाला त्रास देऊ शकतात. म्हणून काही उत्पादक कॅप्रिलिक आम्ल वापरतात. तिथे नको असलेली प्रथिनं खाली बसतात आणि प्रतिपिंडं शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. ज्यांनी मिठाचा हिशेब मांडला त्या कोन यांनीच १९४० च्या दशकात माणसाच्या प्लाझ्मासाठी मीठ सोडून थंड अल्कोहोल निवडलं, कारण अल्कोहोल काढून टाकणं सोपं जातं. तत्त्व मात्र जवळचंच. पाणी प्रथिनाच्या बाजूने राहिलं नाही, की ते खाली येतं.

शेवटी एक गोष्ट, जी रुग्णालयात काम करणाऱ्या परिचारिकांना ठाऊक असते. प्रतिविषाची बाटली बहुधा कोरड्या भुकटीची असते आणि ती ऐन वेळी पाण्यात मिसळावी लागते. समोर रुग्ण असतो, नातेवाईक घाईवर आलेले असतात, आणि बाटली खळाखळा हलवण्याचा मोह होतो. ती हलवायची नसते. तळहातांत धरून हलकेच फिरवायची असते, भुकटी विरघळून द्रव नितळ होईपर्यंत. कारण तेच, फेस. घोड्याच्या अंगात तयार झालेली, टाकीत चिमटी-चिमटीने वेगळी केलेली ती प्रतिपिंडं शेवटच्या दोन मिनिटांत बुडबुड्यांत मोडू नयेत, एवढंच.

शेजारच्या मुलाला हे सांगितलं, तेव्हा त्याने आपली पहिली बाटली उचलून पाहिली. फेस अजून गेला नव्हता. "ही ठेवतो, काका," तो म्हणाला, "दुसरीच्या शेजारी." वर्गात दाखवायला त्याने दोन्ही बाटल्या नेल्या.